मावशीच्या वहीतली सरासरी अ‍ॅपशी का जुळत नव्हती

माझी मावशी कोथरूडला राहते. शाळेतून निवृत्त झाली, पण दोन सवयी काही सुटल्या नाहीत. शनिवारी सकाळी मंडईत जायचं आणि घरी आल्यावर पैन् पै वहीत लिहायची. दीड वर्षापूर्वी तिने शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या एका इक्विटी फंडात एसआयपी, म्हणजे महिन्याला ५,००० रुपयांचा ठरलेला हप्ता, सुरू केली, तेव्हा त्याच वहीत मागच्या बाजूने एक नवीन पान उघडलं. दर महिन्याच्या ५ तारखेला पेपरात बघून त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, त्या पानावर उतरवायची.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "अरे, हे अ‍ॅप मला फसवतंय की काय? माझी सरासरी किंमत ते कमी दाखवतंय. मी सगळ्या एनएव्हींची बेरीज केली, अठराने भागलं, दोनदा तपासलं. माझं उत्तर त्याच्यापेक्षा रुपयाहून जास्त येतंय."

कमी दाखवतंय म्हणून तक्रार करणारं माणूस विरळाच. पण हिशेब जुळत नाही म्हटल्यावर मावशीला झोप लागत नाही, म्हणून रविवारी गेलो. तिची बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. चूक होती ती सरासरी कशाची काढायची यात.

मी तिला मंडईतच नेलं, म्हणजे तोंडी. समजा टोमॅटो या शनिवारी ५० रुपये किलो आहेत आणि पुढच्या शनिवारी २० रुपये. तू दोन्ही वेळा "शंभराचे द्या" म्हणालीस. पहिल्यांदा पिशवीत दोन किलो पडले, दुसऱ्यांदा पाच किलो. दोनशे रुपयांत सात किलो. मग किलोला किती पडले? दोनशे भागिले सात, म्हणजे साडेअठ्ठावीस रुपयांच्या आसपास. पण ५० आणि २० ची सरासरी तर ३५ येते.

"म्हणजे साडेसहा रुपये कुठे गेले?" मावशी म्हणाली.

कुठेच गेले नाहीत. ३५ रुपये सरासरी पडते ती समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना, कारण त्या दर शनिवारी मोजून दोन किलो घेतात, भाव काही असो. त्यांचे १०० अधिक ४० असे १४० रुपये गेले आणि चार किलो आले. किलोला बरोबर ३५. तू पैसे ठरवलेस, त्यांनी वजन ठरवलं. पैसे ठरवले की स्वस्त शनिवारी माल आपोआप जास्त येतो, आणि जास्त माल स्वस्त भावाचा असला की सरासरी त्या भावाकडे ओढली जाते. एसआयपी म्हणजे "शंभराचे द्या". मावशीने वहीत हिशेब केला होता तो मात्र दोन किलोवाल्या काकूंचा.

आता हेच फंडाच्या आकड्यांत. मावशीच्या वहीतले आकडे दोन-दोन दशांशांचे होते. इथे मी गोल आकडे घेतो आणि चढउतार मुद्दाम भडक करतो, म्हणजे फरक नजरेत भरेल. दर महिन्याला ५,००० रुपये, सहा महिने:

| महिना | एनएव्ही | मिळालेली युनिट |
|---|---|---|
| पहिला | ५० | १०० |
| दुसरा | ४० | १२५ |
| तिसरा | २५ | २०० |
| चौथा | २० | २५० |
| पाचवा | ४० | १२५ |
| सहावा | ५० | १०० |

एकूण गेले ३०,००० रुपये, आली ९०० युनिट. एका युनिटमागे पडले ३३ रुपये ३३ पैसे. मावशीच्या पद्धतीने सहा एनएव्हींची बेरीज २२५ आणि सरासरी ३७ रुपये ५० पैसे. अ‍ॅप पहिला आकडा दाखवतं आणि तोच खरा आहे, कारण खिशातून गेलेले पैसे आणि हातात आलेली युनिट या दोनच गोष्टी त्यात आहेत.

तिसरा आणि चौथा महिना जरा जवळून बघा. या दोन महिन्यांत मिळून १०,००० रुपये गेले, म्हणजे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. पण युनिट आली ४५०, म्हणजे एकूण युनिटांच्या बरोबर निम्मी. सरासरी खाली आली ती या दोन ओळींनी.

गणितात या सरासरीला हार्मोनिक मीन म्हणतात, मराठी पुस्तकांत हरात्मक मध्य. शाळेत आपण सगळे तिला भेटलेलो असतो, फक्त नाव विसरतो. साताऱ्याला जाताना गाडी ताशी ६० ने गेली, येताना ४० ने आली, तर सरासरी वेग किती? घाईत पन्नास म्हणणाऱ्याला सर खाली बसवायचे. उत्तर ४८, कारण अंतर दोन्ही वेळा तेवढंच असलं तरी गाडी ४० च्या वेगात जास्त वेळ असते. इथे अंतराच्या जागी हप्ता घाला आणि वेगाच्या जागी एनएव्ही. एका महिन्यात ६० आणि दुसऱ्यात ४० अशा भावाने समान रक्कम घातली, तर सरासरी किंमत ४८ पडते.

म्हणून हप्ता समान असेल, तर ही सरासरी किंमत भावांच्या साध्या सरासरीपेक्षा कमीच असते. भाव सगळे महिने हललाच नाही, तरच दोन्ही सारख्या. भाव जितका जास्त हलेल, तितकं अंतर वाढतं. तपासायचं असेल तर स्प्रेडशीटमध्ये तक्त्यातल्या सहा एनएव्ही B2 ते B7 अशा एकाखाली एक लिहून असं करा:

```
=HARMEAN(B2:B7)
```

पण मध्येच हप्ता वाढवला, एखादा बाउन्स झाला किंवा बोनसमधून वरकड रक्कम टाकली, की हे सूत्र बाद. तेव्हा एकूण पैसे भागिले एकूण युनिट, एवढंच चालतं. खरं सांगायचं तर नेहमी तेच करावं.

इथपर्यंत आलो आणि मावशीचा चेहरा खुलला. "म्हणजे बाजार हलला की आपला फायदाच." हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, फंड विकणाऱ्यांच्या तोंडून तर जास्तच, की पुढची चर्चा मला तिच्याशी नीट करावीशी वाटली.

पहिली गोष्ट, हा फरक खऱ्या बाजारात असतो केवढा? माझ्या तक्त्यात भाव सहा महिन्यांत पन्नासाचा वीस झाला आणि परत पन्नास. असं सहसा होत नाही. आपल्या सगळ्यांना आठवणारं अस्थिर वर्ष घेऊ, २०२०. त्या वर्षी २३ मार्चला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी ५० एका दिवसात तेरा टक्क्यांच्या आसपास कोसळून ७,६१० वर बंद झाला होता, आणि डिसेंबरअखेर तो १३,९८० च्या घरात होता. समजा कुणी त्या वर्षी दर महिन्याच्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी निफ्टीच्या पातळीवर समान रक्कम घातली. महिनाअखेरच्या बारा पातळ्यांची साधी सरासरी येते ११,१५० च्या आसपास. समान रकमेची सरासरी किंमत येते १०,९७० च्या आसपास. फरक दीड टक्क्याहून किंचित जास्त. एवढा गदारोळ झालेल्या वर्षात समान हप्त्याच्या गणिताने दिलं ते एवढंच. मावशीच्या वहीतला रुपया असाच आलेला होता.

त्या माणसाला डिसेंबरअखेर साधारण २७ टक्के नफा दिसला असता. दीड टक्का कुठे आणि सत्तावीस कुठे. उरलेला नफा आला तो वर्षाच्या शेवटी बाजार वर होता म्हणून.

दुसरी गोष्ट त्यातूनच निघते, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात हीच सर्वात कमी सांगितली जाते. सरासरी किंमतीला भावांचा क्रम कळत नाही. वरच्या तक्त्यातले तेच सहा भाव घ्या आणि फक्त उलटसुलट लावा: ५०, ५०, ४०, ४०, २५, २०. युनिट तितकीच, ९००. सरासरी तीच, ३३.३३. साध्या सरासरीपेक्षा जवळजवळ सव्वाचार रुपयांनी स्वस्त. पण आता शेवटचा भाव २० आहे, म्हणून ९०० युनिटांचे होतात १८,००० रुपये. तीस हजार घातले, बारा हजार बुडाले, आणि तरी "सरासरी कमी पडली" हे वाक्य शंभर टक्के खरंच. तक्त्यातल्या मूळ क्रमात शेवटचा भाव ५० होता, म्हणून त्याच ९०० युनिटांचे ४५,००० झाले.

"मग सरासरीची तुलना कशाशी करायची?"

आजच्या एनएव्हीशी. साध्या सरासरीशी केलेली तुलना म्हणजे काकूंपेक्षा टोमॅटो स्वस्त मिळाले याचं समाधान. टोमॅटो सडके निघाले तर त्या समाधानाचं काय करायचं? फंड वर्षानुवर्षं उतरतच राहिला, तर हप्ते आपल्याला जास्त युनिट देत राहतात, पण ती युनिट कमी कमी किमतीची होत जातात.

आणि तेच सहा भाव चढत्या क्रमाने लावले, २०, २५, ४०, ४०, ५०, ५०, तर तिसरा प्रकार दिसतो. हप्त्याने घेणाऱ्याकडे पुन्हा ९०० युनिट, शेवटी ४५,००० रुपये. पण ज्याच्याकडे पहिल्याच दिवशी तीस हजार तयार होते आणि ज्याने ते वीसच्या भावात एकदम घातले, त्याच्याकडे १,५०० युनिट आणि ७५,००० रुपये. चढत्या बाजारात हप्ता बांधणं महाग पडतं. उलट तक्त्यातल्या मूळ क्रमात एकरकमी घालणाऱ्याला पन्नासच्या भावाने ६०० युनिट मिळाली असती आणि सहा महिन्यांनी तो तीस हजारांवरच उभा असता, नफा शून्य. कोणता क्रम येणार हे आधी कुणाला कळत नाही. पगारातून किंवा पेन्शनमधून दर महिन्याला घालणाऱ्याला तसाही निवडीला वाव नसतो, पैसेच महिन्याला येतात.

आता एक कबुली. २०२० च्या एप्रिलमध्ये मी माझे दोन हप्ते थांबवले होते. हे गणित मला तेव्हाही येत होतं. पगारकपातीची चर्चा होती, घरात बसून दिवसभर लाल आकडे दिसत होते, आणि वाटलं, जरा निवळू दे. असं थांबण्याची किंमत तक्त्यावर मोजता येते. तिसरा आणि चौथा महिना खोडून टाका. उरले चार हप्ते, २०,००० रुपये, ४५० युनिट. सरासरी ३३.३३ वरून थेट ४४.४४. शेवटी भाव ५० झाला तेव्हा नफा २,५००. न थांबणाऱ्याचा १५,०००. सरासरी खाली ओढणाऱ्या नेमक्या ओळीच मी खोडल्या होत्या.

मावशीने यावर काही म्हटलं नाही. चहा टाकायला उठली.

चहा होईपर्यंत मी तिच्या वहीत आणखी एक हिशेब मांडला, कारण पुढच्या काही वर्षांत तिला हाच प्रश्न पडणार होता. सुरुवातीला सरासरी खूप हलते. तक्त्यात दोन हप्त्यांनंतर ती ४४.४४ होती आणि तिसऱ्या हप्त्याने ती ३५.२९ वर आली. एका हप्त्याने नऊ रुपये. पण दहा वर्षांनी काय? समजा तोवर ६ लाख घातले, १०,००० युनिट झाली, सरासरी ६० आणि एनएव्ही १२०. जमा रक्कम १२ लाख. आता बाजार तीस टक्के पडला आणि एनएव्ही ८४ झाली. लोक म्हणतात, बरं झालं, आता हप्त्याने सरासरी खाली येईल. करून बघा. पाच हजारांत साडेएकोणसाठ युनिट येतात आणि सरासरी होते ६० रुपये १४ पैसे. खाली नाही, वर गेली. भाव पडूनसुद्धा तो आपल्या जुन्या सरासरीच्या वरच आहे, म्हणून.

त्यात वाईट काही नाही, सरासरी वाढली म्हणजे तोटा झाला असंही नाही. पण त्या महिन्यात बारा लाखांचे आठ लाख चाळीस हजार झाले, आणि त्या ३,६०,००० च्या घसरणीपुढे पाच हजारांचा हप्ता म्हणजे मुठेच्या पुरात तांब्याभर पाणी. हप्ते सांभाळतात ती पुढची खरेदी. साठलेली रक्कम मात्र बाजाराबरोबर पूर्ण खाली जाते. मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या पैशाला दोन वर्षं उरली असतील, तर सरासरीवर विसंबून चालत नाही. रक्कम हळूहळू कमी हलणाऱ्या ठिकाणी न्यावी लागते.

चहा घेताना मावशीने पुन्हा वही पुढे केली. तिने आता एकूण पैसे भागिले एकूण युनिट असं केलं होतं, तिच्या एनएव्ही घेऊन. अ‍ॅपपेक्षा अजूनही काही पैशांचा फरक येत होता. मला हे अपेक्षित होतं. ५ तारखेच्या पेपरात छापलेली एनएव्ही ही आदल्या कामाच्या दिवसाची असते. शिवाय १ फेब्रुवारी २०२१ पासून नियम असा आहे, की खात्यातून पैसे कधी कापले याला अर्थ नाही, ते फंडाकडे ज्या दिवशी कट-ऑफच्या वेळेच्या आत पोहोचले त्या दिवसाची एनएव्ही लागते. ५ तारीख शनिवारी आली तर हप्ता सोमवारी किंवा त्यानंतर लागतो. आणि १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के स्टॅम्प ड्युटी आहे, म्हणजे पाच हजारांवर पंचवीस पैसे. युनिट मिळतात ती ४,९९९ रुपये ७५ पैशांची, सहसा तीन दशांशांपर्यंत. पंचवीस पैशांनी कुणाचं काही बिघडत नाही, पण मावशीच्या वहीत ते बसायला हवेत. म्हणून मी सांगितलं, पेपर सोड, फंडाकडून ईमेलवर येणाऱ्या स्टेटमेंटमधली तारीख, एनएव्ही आणि युनिट जशीच्या तशी उतरव. अठरा ओळी पुन्हा लिहिल्या आणि बेरीज पैशापर्यंत जुळली.

मग ती म्हणाली, "समजा दिवाळीत मला यातली थोडी काढायची आहेत. नफा धरायचा तो या सरासरीवरूनच ना?"

नाही. इथे सरासरीचा उपयोग संपतो. युनिट विकताना आयकरासाठी जी आधी घेतली ती आधी विकली असं धरतात. तक्त्यातली १०० युनिट ५० च्या भावाने विकली, तर सरासरीप्रमाणे वाटेल की युनिटमागे १६ रुपये ६७ पैसे, म्हणजे १,६६७ रुपये नफा झाला. पण आयकराच्या हिशेबात ती पहिल्या महिन्याची १०० युनिट आहेत, खरेदी ५०, विक्री ५०, नफा शून्य. त्यापुढची १२५ विकली तर खरेदी ४० ची, नफा १,२५०. वीसला घेतलेली अडीचशे युनिट मागे रांगेत उभी आहेत. त्यांचा मोठा नफा त्यांची पाळी येईल तेव्हाच मोजला जाणार. सगळी ९०० विकून टाकली तर बेरीज शेवटी तीच, १५,०००. थोडी थोडी काढली तर कोणत्या वर्षी किती नफा दिसेल ते मात्र बदलतं.

इक्विटी फंडात बारा महिन्यांहून जास्त ठेवलं की नफा दीर्घ मुदतीचा, आणि हे बारा महिने प्रत्येक हप्त्याचे वेगळे मोजतात. लवकर पैसे काढले तर फंड कापतो त्या एक्झिट लोडचंही तसंच. एसआयपीला दीड वर्ष झालं म्हणजे सगळी युनिट दीड वर्षाची झाली असं नाही. शेवटच्या हप्त्याची जेमतेम महिन्याची आहेत.

मावशीने सगळं ऐकून घेतलं, पट्टी घेतली आणि पानावर दोन नवीन उभ्या रेघा मारल्या. एकीवर लिहिलं "बारा महिने कधी पूर्ण", दुसरीवर "विकली". मग पहिल्या ओळीपासून बोटाने महिने मोजत खाली आली आणि सहाव्या ओळीखाली पेन्सिलने एक आडवी रेघ ओढली. दिवाळीत हात लावायचा तो या रेघेच्या वर.

"आणि टोमॅटो," मला दारापर्यंत सोडताना ती म्हणाली, "सध्या साठ रुपये आहेत. शंभराचे घेतले की दीड किलोच्या वर दोन-तीनच येतात."